साधं युरेनियम जड पाण्यात चालतं, मग साध्या पाण्यात का नाही? पाणी कमी करून बघितलं तर?

शंकासूर
तारापूरला एकाच कंपाउंडमध्ये दोन जातीच्या अणुभट्ट्या आहेत. १ आणि २ नंबर, १९६९ पासूनच्या, त्यांना समृद्ध केलेलं युरेनियम लागतं आणि आत साधंच पाणी असतं, म्हणजे शुद्ध केलेलं पण आपलं नेहमीचं H2O. ३ आणि ४ नंबर २००५-०६ च्या, त्यांना खाणीतून आलेलं युरेनियम तसंच, समृद्ध न करता चालतं, पण पाणी मात्र जड लागतं.

कारण कुठेही वाचलं तरी एकच वाक्य सापडतं की साधं पाणी न्यूट्रॉन शोषून घेतं आणि जड पाणी घेत नाही. ठीक आहे, मान्य. पण मग माझा बाळबोध प्रश्न असा की शोषतंय ना, मग पाणी कमी घाला! भट्टी आहे, आमटी नाही, पाणी किती ठेवायचं ते आपल्या हातात आहे. युरेनियम जास्त आणि पाणी थोडं असं केलं तर पाण्याला गिळायला मिळेलच किती? तरीही जमत नाही म्हणतात. का? बारावी सायन्सपर्यंतचं कळतं, त्यापुढचं सोपं करून सांगा.

कोकणी_फणस
पाणी कमी घातलं की खाली लागतं, हे आमच्या घरी कुणालाही विचारा :)
बसतो हो इथेच, वाचतोय.

मंद_गोगलगाय
यात एवढं काय, न्यूट्रॉन खूप जोरात निघतात, त्यांचा वेग कमी करायला काहीतरी लागतं. जड पाण्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो, त्यामुळे धडक जास्त जोरदार बसते आणि वेग पटकन कमी होतो. साध्या पाण्यातला हायड्रोजन हलका पडतो. नावातच आहे की.

सरिता_जळगाव
मंद_गोगलगाय, न्यूट्रॉनचा वेग कमी करावा लागतो इथपर्यंत बरोबर आहे, पुढचं उलट आहे. कॅरमची सोंगटी स्ट्रायकरएवढीच जड असेल तर समोरासमोर धडकेत स्ट्रायकर जागच्या जागी थांबतो. न्यूट्रॉन आणि साध्या हायड्रोजनचं केंद्रक जवळजवळ सारख्या वजनाचे आहेत, म्हणून वेग कमी करण्यात साध्या हायड्रोजनचा हात कुणी धरू शकत नाही. एका धडकेत न्यूट्रॉनची सरासरी निम्मी ऊर्जा जाते. ड्युटेरियमशी धडक झाली तर ४४ टक्के जाते, म्हणजे फार वाईट नाही, पण कमीच.

फिशनमधून न्यूट्रॉन साधारण २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टने बाहेर पडतो आणि त्याला ०.०२५ पर्यंत खाली आणायचंय. साध्या पाण्यात वीसेक धडका पुरतात, जड पाण्यात पस्तीसेक लागतात. तर वेग कमी करण्याची स्पर्धा असती तर साधं पाणी सहज जिंकलं असतं. मूळ प्रश्न मात्र चांगला आहे, शाळेत मी पण ते एकच वाक्य सांगून मोकळी होते. जाणकार कुणी आहे का इथे?

मंद_गोगलगाय
४४ आणि ५० मध्ये फरकच काय राहिला मग, तेच म्हणतोय मी, दोन्ही चालतात.

जुनी_भट्टी
नमस्कार. या क्षेत्रात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. शंकासूर यांनी जिथे बोट ठेवलंय तीच खरी जागा आहे, 'पाणी कमी करा' हा उपाय का लागू पडत नाही. त्यासाठी आधी शंभर न्यूट्रॉनचा हिशेब बघू, मोठा नाही.

नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ फक्त ०.७२ टक्के, बाकी जवळजवळ सगळं २३८. मंद न्यूट्रॉनसाठी २३५ भयंकर भुकेलं आहे आणि २३८ ला त्याची फारशी ओढ नाही, पण २३८ संख्येने एवढं जास्त आहे की ते आपला वाटा घेतंच. समजा शंभर मंद न्यूट्रॉन युरेनियममध्ये गेले. त्यातले साधारण ५५ फिशन करतात, ९-१० जण २३५ मध्ये जाऊनही फिशन न करता नुसते गिळले जातात, आणि ३५ जण २३८ मध्ये गडप. प्रत्येक फिशनमधून सरासरी २.४३ नवे न्यूट्रॉन. ५५ ला गुणलं की १३४-१३५. त्यात वेगवान न्यूट्रॉनमुळे २३८ सुद्धा थोडंफार फुटतं, तो दोन-तीन टक्क्यांचा बोनस धरला की १३८.

म्हणजे शंभराचे १३८ होतात. पुढच्या पिढीत पुन्हा शंभर जण मंद होऊन युरेनियमपर्यंत पोचले पाहिजेत, तर साखळी टिकली. हातात वाया घालवायला ३८. एवढंच भांडवल. यात पाण्याने गिळलेले, नळ्यांच्या धातूने गिळलेले, भट्टीच्या बाहेर पळालेले, आणि आणखी एक मोठा खड्डा आहे त्यात पडलेले, असे सगळे बसवायचेत. तो खड्डा रात्री लिहितो, आता नातवाला क्लासला सोडायचंय.

कोकणी_फणस
ऐन रंगात आलेलं असताना क्लास! पुढचा भाग लवकर टाका.

बदलापूर_लोकल
मला एक कळत नाही, तारापूर समुद्रावर आहे, समुद्राचं पाणी फुकट आहे, थंड करायला तेच घ्यायचं ना. एवढं महागडं जड पाणी थंड करायला वापरायचं म्हणजे सरकारी उधळपट्टीच झाली. आमच्या कंपनीत कूलिंग टॉवरला बोअरचं पाणी चालतं.

सरिता_जळगाव
बदलापूर_लोकल, थंड करणं आणि वेग कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. धागा दुसऱ्या कामाबद्दल आहे. समुद्राचं पाणी तारापूरला वापरतातच, पण ते बाहेरच्या बाजूला, टर्बाइनमधून आलेली वाफ गार करायला. गाभ्यात नाही.

बदलापूर_लोकल
ते कळलं, पण मग गाभ्यात थंड करायला साधं आणि वेग कमी करायला जड असं वेगवेगळं नाही का ठेवता येत? मधे नळी असतेच म्हणता.

जुनी_भट्टी
बदलापूर_लोकल, प्रश्न थोडा भरकटला होता पण शेवटी मुद्द्यावरच आला! ठेवता येतं, आणि आपल्याकडेच ट्रॉम्बेला ठेवलं होतं. सायरस, १९६० साली सुरू झाली, ४० मेगावॅट, २०१० च्या शेवटी बंद केली. इंधन नैसर्गिक युरेनियमच्या धातूच्या कांड्या, भोवती जड पाण्याची टाकी, आणि कांडीला लगटून एका बारीक फटीतून साधं पाणी फिरायचं, थंड करायला. ती फट मुद्दाम बारीक. तेवढ्या साध्या पाण्याने जे न्यूट्रॉन खाल्ले ते ३८ च्या भांडवलात बसत होते. गंमत म्हणजे अशा रचनेत ते साधं पाणी निघून गेलं तर साखळी अधिक जोर धरते, कारण खाणारा गेला. तारापूर १-२ मध्ये बरोबर उलट, पाणी गेलं की साखळी बंद, कारण तिथे वेग कमी करणारं दुसरं काही नाहीच. एकच साधं पाणी, एका ठिकाणी त्याच्यावाचून चालत नाही, दुसऱ्या ठिकाणी ते अडचण.

आता तो खड्डा. वेगवान न्यूट्रॉन २० लाखांवरून खाली येताना मधे काही ठराविक ऊर्जांवर युरेनियम २३८ अचानक राक्षसासारखं तोंड उघडतं. सगळ्यात खालचं आणि बदनाम तोंड ६.६७ इलेक्ट्रॉन व्होल्टला, मग २१ च्या आसपास, ३७ च्या आसपास, आणि वर असे ढिगाने. यांना रेझोनन्स म्हणतात. बार्न म्हणजे अणू न्यूट्रॉन गिळण्याची शक्यता मोजायचं माप. मंद न्यूट्रॉनला २३८ एरवी २.७ बार्नने गिळतं, तेच ६.६७ ला हजारो बार्न. त्या ऊर्जेचा न्यूट्रॉन युरेनियमच्या पृष्ठभागाला नुसता लागला तरी संपला.

वाचायचं असेल तर न्यूट्रॉनने ही सगळी तोंडं युरेनियमपासून लांब, पाण्यात असताना पार करायला हवीत. धडका खात खात, उड्या मारत, आणि अगदी मंद झाल्यावरच पुढच्या कांडीत शिरायचं. म्हणजे दोन कांड्यांमध्ये पुरेसं पाणी हवं.

शंकासूर, तुमचं उत्तर इथे आहे. पाणी कमी केलं की पाणी कमी गिळतं हे बरोबर, पण मग न्यूट्रॉन अर्धवट मंदावलेल्या अवस्थेतच शेजारच्या कांडीवर जाऊन आदळतात आणि २३८ त्यांना खातं. पाणी वाढवलं की २३८ पासून वाचतात आणि पाण्यात मरतात. एका बाजूची गळती बुजवली की दुसऱ्या बाजूची वाढते. दोन्हीची बेरीज कुठेतरी सगळ्यात कमी येते, पण साध्या पाण्यात ती सगळ्यात कमी बेरीजसुद्धा ३८ च्या वरच राहते. थोडीशीच वर, पण वर.

शंकासूर
अहाहा. हे कुठेच कुणी लिहीत नाही! म्हणजे दोन खाणारे आहेत आणि एकाला उपाशी ठेवलं की दुसरा जेवतो.
पण 'थोडीशीच वर' म्हणजे किती? आणि जड पाण्यात दोघेही उपाशी कसे राहतात?

सरिता_जळगाव
आकडे मी लावून बघते, चुकलं तर जुनी_भट्टी सांगतील.

पाण्याचा एक रेणू मंद न्यूट्रॉन गिळतो ०.६६ बार्नने, कारण एका हायड्रोजनचे ०.३३ आणि हायड्रोजन दोन. ऑक्सिजनचं नगण्य. नैसर्गिक युरेनियमचा एक अणू, २३५ आणि २३८ मिळून सरासरी काढली तर ७.६ बार्न. आता युरेनियमच्या एका अणूमागे पाण्याचा एक रेणू ठेवला तर मंद न्यूट्रॉनमधले ८ टक्के पाण्यात जातात. दोन ठेवले तर १५. चार ठेवले तर २६. म्हणजे चारवरच भांडवलाचा बराचसा भाग पाण्यानेच संपवला.

जड पाण्याचा एक रेणू शुद्ध असेल तर ०.००१२ बार्न. साध्याच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास! मग युरेनियमच्या एका अणूमागे पन्नास रेणू ठेवले तरी पाण्याचा वाटा एक टक्क्याच्या आतच. म्हणजे पाणी हवं तेवढं ओता, ते गिळणार नाही, आणि एवढ्या पाण्यात न्यूट्रॉन निवांत मंद होऊन मगच पुढच्या कांडीला भेटेल. पस्तीस धडका लागल्या काय नि वीस लागल्या काय, जागा आहे ना भरपूर.

जुनी_भट्टी
सरिताताई, हिशेब बरोबर. फक्त प्रत्यक्षात पाण्याचा वाटा तुमच्या आकड्यांपेक्षा जास्त भरतो, कारण मंद न्यूट्रॉनची गर्दी पाण्यात जास्त असते आणि कांडीच्या आत कमी. बाहेरचं युरेनियम आतल्याला सावली देतं. पण कांड्या केल्या नाहीत, पूड करून पाण्यात कालवली तर २३८ चं फावतं, ते त्याहून वाईट. म्हणून गठ्ठ्यातच ठेवतात.

शंकासूर, साध्या पाण्यात नैसर्गिक युरेनियमच्या धातूच्या कांड्या उत्तमात उत्तम अंतरावर लावल्या, टाकी अमर्याद मोठी धरली, तरी शंभराचे पुढच्या पिढीत शंभर होत नाहीत, किंचित कमी पडतात. खऱ्या टाकीत बाहेर पळणारे धरले की आणखी कमी. याचा फायदाही झाला. अमेरिकेत कित्येक विद्यापीठांत टाकीभर साधं पाणी, त्यात नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या आणि मधे न्यूट्रॉनचा एक स्रोत असा संच विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना ठेवत असत. पोरांनी कशाही कांड्या लावल्या तरी साखळी स्वतःच्या जोरावर चालूच शकत नाही, मग भीती कसली.

आणि अंतराचं बघा. मंद झालेला न्यूट्रॉन साध्या पाण्यात पावणेतीन सेंटीमीटरच्या हिशेबाने विरत जातो. चांगल्या जड पाण्यात तेच अंतर मीटरभराच्या घरात. म्हणून तारापूर १-२ सारख्या भट्टीत इंधनाच्या कांड्या एकमेकींपासून दोन सेंटीमीटरच्या आत दाटीवाटीने, आणि ३-४ मध्ये इंधनाच्या नळ्या २८.६ सेंटीमीटरवर, मधे नुसतं जड पाणी. कुणी दोन्हींचे नकाशे शेजारी ठेवून बघितले तर या धाग्याचं उत्तर नकाशातच दिसतं.

इतिहासाची_पाने
ह्या 'किंचित कमी' वर लोकांची दोन वर्षं गेलीत. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला फर्मी, झिलार्ड आणि अँडरसन यांनी पाण्याच्या टाकीत युरेनियम ऑक्साईडचे ५२ डबे बुडवून न्यूट्रॉन वाढतात का बघितलं. वाढत होते. पण पाण्याचा हायड्रोजन किती खातोय तेही त्यात दिसलं आणि त्या उन्हाळ्यातच झिलार्ड ग्राफाईटकडे वळला. त्याच वेळी पॅरिसमध्ये जोलिओ, हाल्बान, कोवार्स्की ही मंडळी साध्या पाण्यावरच होती, त्यांनाही साखळी जवळ येऊन हुलकावणी द्यायची. मग जड पाणी. तेव्हा जगात ते हाती लागेल एवढ्या प्रमाणात नॉर्वेत एकाच कंपनीकडे होतं, १८५ किलोच्या आसपास, ते सगळं मार्च १९४० मध्ये जर्मनांच्या नाकाखालून फ्रान्सला आणलं, जूनमध्ये फ्रान्स पडताना बोटीने इंग्लंडला नेलं, आणि त्या वर्षाअखेर केंब्रिजला हाल्बान-कोवार्स्कींनी दाखवलं की याने साखळी टिकेल. प्रत्यक्ष भट्टी मात्र १९४४ ला शिकागोजवळ झाली.

पॅरिसवाल्यांना तेव्हा २३८ च्या त्या तोंडांचा पूर्ण अंदाज होता की केवळ पाण्यालाच दोष देत होते, यावर माझा आणि एका मित्राचा जुना वाद आहे, कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

कोकणी_फणस
१८५ किलो पाण्यासाठी हेरगिरी आणि आमच्याकडे पावसाळ्यात ते फुकट वाहून जातं.

थळकर
आमच्याकडे थळला, अलिबागजवळ, खत कारखान्याला लागूनच जड पाण्याचा प्लांट आहे. लहानपणी वाटायचं समुद्रातून काढतात. तसं नाही, खताच्या अमोनियासाठी जो हायड्रोजन वायू लागतो त्यातला ड्युटेरियम अमोनियाच्या मदतीने वेगळा काढत जातात, म्हणून शेजारी शेजारी. नातेवाईक तिथे होते, ते सांगायचे की दहा लाख हायड्रोजनमागे दीडशेच्या आसपास ड्युटेरियम असतं, तेवढ्यावरून ९९.८ पर्यंत न्यायचं. मला नेहमी वाटायचं ९९ टक्क्यांवर थांबले तर काय बिघडतं? शेवटच्या पाऊण टक्क्यासाठी एवढी मेहनत का?

सरिता_जळगाव
थळकर, हे वरच्याच आकड्यांवरून निघतं बघा. शुद्ध जड पाणी ०.००१२. त्यात ०.२ टक्के साधं राहिलं तर त्या एवढ्याशा साध्या पाण्याचेच ०.००१३ होतात, म्हणजे शोषण दुप्पट! एक टक्का राहिलं तर सहापटीच्या वर. साधं पाणी पाचशेपट खादाड आहे, त्यामुळे हजारात दोन रेणू असले तरी अर्धं तेच खातं. मलाच आत्ता हे लिहिताना धक्का बसला.

ओंटारियोची_ओवी
सरिताताईंनी लिहिलंय ते आम्ही रोज जगतो. मी इकडे कॅनडात अशाच जड पाण्याच्या भट्टीवर काम करते (नाव नको). मॉडरेटरच्या जड पाण्याचा नमुना नियमित काढतात, इन्फ्रारेडने त्यात साधं किती शिरलंय बघतात. शुद्धता उतरली की भट्टी बंद पडत नाही, पण इंधन लवकर 'संपतं', कारण शिल्लक भांडवल आधीच कमी. मग नव्या बंडलांचा खप वाढतो आणि तो आकडा वरच्या मंडळींना लगेच दिसतो. उतरलेलं पाणी टॉवरमध्ये पुन्हा शुद्ध करतात.

आणि तुम्हाला आवडेल असं एक. या भट्ट्यांच्या गाभ्यात आम्ही मुद्दाम साधं पाणी ठेवतो! चौदा छोटे कप्पे असतात, त्यांत साध्या पाण्याची पातळी वरखाली करून त्या त्या भागातली पॉवर सांभाळतात. पातळी वाढवली की तिथले न्यूट्रॉन कमी. म्हणजे तारापूर १-२ मध्ये जे पाणी साखळी चालवतं तेच इथे ब्रेक आहे. तारापूर ३-४ मध्येही हीच पद्धत आहे.

शंकासूर
हायला, हे भारी आहे. ब्रेक म्हणून साधं पाणी!

मंद_गोगलगाय
मग इंधन लवकर संपतं हा तोटाच झाला ना जड पाण्याचा. समृद्ध युरेनियमवाले दीड दीड वर्ष भट्टी उघडत नाहीत.

ओंटारियोची_ओवी
तोटा जड पाण्याचा नाही, नैसर्गिक युरेनियमचा. ३८ मधले बरेच तसेही खर्च होतात, उरतात थोडे. २३५ जळत जातं, फिशनचे तुकडे न्यूट्रॉन खायला लागतात. २३८ पासून तयार झालेलं प्लुटोनियम मदतीला येतं म्हणून निभतं. म्हणून भट्टी चालू असतानाच, पूर्ण पॉवरवर, यंत्र एका बाजूने नवं बंडल ढकलतं आणि दुसऱ्या बाजूने जुनं काढतं, जवळजवळ रोज. साध्या पाण्याच्या भट्टीत एका टन इंधनातून त्याच्या पाच-सहापट ऊर्जा काढतात, पण समृद्ध करण्याचा खर्च वेगळा. कुठलं स्वस्त यावर आमच्या कँटीनमध्येही एकमत नाही.

नास्तिक_नारद
एक मिनिट. सगळे म्हणताय नैसर्गिक युरेनियम आणि साधं पाणी शक्यच नाही. मग आफ्रिकेत गॅबॉनला ओक्लोच्या खाणीत निसर्गाने स्वतः भट्टी चालवली ते काय? तिथे ना समृद्ध करण्याचा कारखाना ना जड पाणी. फक्त जमिनीतलं पाणी आणि खाणीतलं युरेनियम. तुमचं सगळं गणित तिथेच कोसळतं.

जुनी_भट्टी
नारदमुनी, उलट ओक्लो या गणिताचा पुरावा आहे. ती भट्टी चालली ती साधारण २०० कोटी वर्षांपूर्वी. २३५ हे २३८ पेक्षा लवकर क्षय पावतं, म्हणून मागे जाल तसं त्याचं प्रमाण जास्त. तेव्हाच्या 'नैसर्गिक' युरेनियममध्ये २३५ तीन टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे तारापूर १-२ च्या इंधनापेक्षाही जास्त. तेवढ्याला साधं पाणी पुरतं. आजचं खनिज आणून त्याच जागी त्याच पाण्यात ठेवा, काही होणार नाही.

हे सापडलं कसं तेही सुंदर आहे. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये पियरलाट इथे नमुन्यात २३५ चं प्रमाण ०.७२०२ ऐवजी ०.७१७१ आलं. फरक तिसऱ्या दशांशात, पण जगभर हे प्रमाण इतकं सारखं असतं की कुणीतरी ते जाळलंय हाच अर्थ. आणि पॉल कुरोडा यांनी १९५६ मध्येच म्हणून ठेवलं होतं की प्राचीन काळी असं घडू शकलं असेल.

नास्तिक_नारद
म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्द तारखेसकट वापरायला हवा. ठीक. पण तीन टक्के झाल्यावर नेमकं काय बदलतं? तो २३८ राक्षस तर तिथेही ९७ टक्के आहेच.

सरिता_जळगाव
तीन टक्के घालून परत तेच गणित केलं. दोन्ही बाजूंनी फायदा होतो. शंभर न्यूट्रॉन युरेनियममध्ये गेले तर आता त्यांतले बहुतेक २३५ लाच लागतात, त्यामुळे शंभराचे १३४-३५ ऐवजी १८४ होतात. शिवाय युरेनियमची एकूण भूक तिप्पट होते, ७.६ वरून २३ बार्न, म्हणून एका अणूमागे चार रेणू पाणी ठेवलं तरी पाण्याचा वाटा २६ वरून १० टक्क्यांवर येतो. २३८ ची तोंडं आहेत तशीच आहेत, पण आता भरपूर पाणी घालून त्यांना चुकवणं परवडतं.

शंकासूर
मग माझा शेवटचा प्रश्न, सुरुवातीचाच जरा बदलून. ०.७२ ला साध्या पाण्यात किंचित कमी पडतं म्हणता. तर ०.८ किंवा १ टक्का केलं तर? तारापूरला दोनच्या आसपास का लागतं?

जुनी_भट्टी
साखळी नुसती पेटायला एक टक्क्याच्या आसपास पुरतं, कांड्या नीट लावल्या तर त्याहूनही थोडं कमी. पण पेटणं आणि चालणं यात फरक आहे. गरम झालं की २३८ ची ती तोंडं रुंदावतात आणि आणखी गिळतात. भट्टी पॉवरवर आली की एक-दोन दिवसांत झेनॉन साठतो, तो न्यूट्रॉनचा सगळ्यात मोठा भक्षक. मग महिनोनमहिने इंधन जळत जाणार त्याची तरतूद. ती सगळी आधीच भरून ठेवावी लागते, कारण तिथे झाकण बंद असतं, ओवी म्हणतात तसं चालू भट्टीत रोज बंडल बदलता येत नाही. म्हणून दोन, आणि आजच्या मोठ्या भट्ट्यांत तीन ते पाच टक्के.

मंद_गोगलगाय
आणि १ टक्का केलं आणि जड पाणी पण घातलं तर? दोन्हीकडून फायदा.

ओंटारियोची_ओवी
हा प्रश्न चांगला आहे! थोडं समृद्ध करून जड पाण्यात वापरलं तर एका टनातून दुपटीपेक्षाही जास्त ऊर्जा निघू शकते, त्यावर खूप काम झालंय. पण मग समृद्ध करण्याचा कारखाना पण हवा आणि जड पाण्याचा पण. दोन्ही सांभाळायचे तर त्यातून वाचतं किती, यावर आमच्यात दोन तट आहेत.

बदलापूर_लोकल
माझा सायरसवाला मुद्दा आठवतोय ना सगळ्यांना? मग १ टक्का, वेग कमी करायला जड पाणी आणि थंड करायला साधं पाणी. महागडं पाणी निम्मं वाचलं!

जुनी_भट्टी
बदलापूर_लोकल, तुम्ही चेष्टेत लिहिलंत की गंभीरपणे माहीत नाही, पण आपल्याकडच्या प्रगत जड पाण्याच्या भट्टीच्या आराखड्यात नळ्यांमधून उकळणारं साधं पाणी आणि बाहेर जड पाणी हीच कल्पना आहे, इंधनात थोरियमही आहे. तिथे साधं पाणी उडालं तर साखळी वाढायला नको, म्हणून नळ्यांमधलं अंतर आणि इंधन त्या हिशेबाने ठरवावं लागतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आमटी उतू जाईल.

इतिहासाची_पाने
माझ्या पॅरिसच्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही राव.